पहिला हंडा

गल्लीत तिला सगळे बाटलीबाई म्हणायचे. आरोग्य केंद्रातली ही नर्स एकोणीस वर्षं नोकरीत होती, पण लोकांच्या लक्षात राहिली ती तिच्या हातातली काचेची नळी. रोज सकाळी नऊला यायचं, नळाचं पाणी नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पाणी ठीक. या पावसाळ्यात नळी रोज पिवळी होत होती आणि गल्लीत माणसंही पिवळी पडत होती. बाईंचं डोकं नुसतं भणभणून गेलं होतं.

अकरा जणांना कावीळ झाली. पोरांच्या रक्तात ‘ए’ प्रकारची कावीळ निघाली, मोठ्यांच्या बहुतेक ‘ई’. दोन्ही आजार एकाच वाटेनं येतात, विष्ठा मिसळलेल्या पाण्यातून. पण गल्लीनं दोष दिला तो कोपऱ्यावरच्या खाण्याच्या गाडीला.

“अहो, काल खाल्लं आणि आज पिवळे झालात, असं नसतं हे,” बाई कंठशोष करून सांगायच्या. “पोटात जाऊन महिना होतो, तेव्हा कुठे डोळे पिवळे दिसतात. महिन्याभरापूर्वी कुठलं पाणी प्यायलात ते आठवा.”

महिन्याभरापूर्वीचं कोणाला आठवतं? शिवाय पोरं आठ-पंधरा दिवसांत उड्या मारायला लागली, मोठी माणसं महिन्या-दीड महिन्यात कामावर गेली. औषध असं काही नव्हतंच, विश्रांती घ्यायची, जेवायचं, मनानं गोळ्या गिळायच्या नाहीत, दारूला शिवायचं नाही. कावीळ येते नि उतरते, असं म्हणून गल्ली मोकळी झाली. बाईंना याचीच चीड होती, कारण बहुतेकांच्या बाबतीत ते खरं होतं. खरं नव्हतं ते फक्त शेवटच्या घरातल्या शिलाईवालीच्या बाबतीत. तिला आठवा महिना लागला होता.

बाईंनी तिच्या सासूला पावसाच्या सुरुवातीलाच बसवून समजावलं होतं. “शेवटच्या तीन महिन्यांत ही ‘ई’ कावीळ झाली तर यकृत अचानक हात टेकतं. चार-पाच जणींमागे एखादी जातेसुद्धा. हिला उकळलेलंच पाणी द्या.”

सासूनं दिलंही, पंधरा दिवस. मग एका सकाळी नळी छान पिवळी झालेली बघून तिनं विचारलं, “पाणी चांगलं आहे ना, बाई?” आणि बाई घाईत म्हणून गेल्या, “हो, चांगलं आहे.” त्या दिवसापासून उकळणं बंद झालं.

दीड महिन्यानं शिलाईवाली मशीनवर डोकं टेकून बसलेली दिसली.

“दोन दिवस उलट्या चालल्यात,” सासू म्हणाली. “पोटुशी बाई, व्हायच्याच.”

“आठव्या महिन्यात?” बाईंनी सुनेच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. डोळा हळदीसारखा होता. लघवी चहासारखी होतेय, हेही तिनं लाजत सांगितलं.

“काल का नाही सांगितलंत मला?” बाई ओरडल्याच.

“त्या गाडीवाल्याकडे तर ही कधी गेलीच नव्हती हो,” सासू रडत म्हणाली.

रिक्षा आणून तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. संध्याकाळपर्यंत ती असंबद्ध बोलायला लागली, नवऱ्याला ओळखेना. सुई टोचलेल्या जागेचं रक्त साकळेना. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस घरी राहिली असती तर आम्ही काही करू शकलो नसतो.

दुसऱ्या दिवशी बाई नऊला नाही, सहाला गल्लीत गेल्या. नळ सहाला सुटायचा. पहिलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. पाणी तसंच राहिलं, बिनरंगाचं. क्लोरीनचा पत्ता नव्हता. अर्ध्या तासानं तोच नळ पिवळा रंग देऊ लागला. नळ बंद असताना रिकाम्या पाइपात फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी ओढलं जात होतं आणि सहाला तेच आधी बाहेर येत होतं. नऊपर्यंत पाइप धुऊन निघायचा. मग बाईंची नळी यायची.

“सहाला तपासायला सांगितलं कोणी तुम्हाला?” केंद्रातल्या साहेबांनी विचारलं.

“कोणी नाही,” बाई म्हणाल्या. “एकोणीस वर्षांत कोणीच नाही. मलाही सुचलं नाही.”

खोदकाम झालं, सांधा बदलला. बाई तरी दारोदार सांगत राहिल्या की अजून दीड-दोन महिने नवे रुग्ण निघतील, उकळणं सोडू नका. लोक म्हणाले, पाइप तर दुरुस्त झाला ना!

शिलाईवाली तीन आठवड्यांनी घरी आली. बाळ पोटातच गेलं होतं. बाई तिच्या उशाशी जाऊन बसल्या.

तीच बोलली. “मी रोज सगळ्यांच्या आधी उठायचे, बाई. पहिलं पाणी ताजं असतं ना, म्हणून पहिला हंडा बाळाचा, असं म्हणून फक्त माझ्यासाठी भरून ठेवायचे.”