चिठ्ठीवरची रिकामी जागा

माझी वहिनी सत्तावीस वर्षं इस्पितळाच्या लॅबमध्ये लोकांची लघवी तपासतेय, आणि नमुना घेताना प्रत्येकाला दरडावून विचारते, "सिगारेट? तंबाखू?" गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीला आलेल्या बायकाही यातून सुटत नाहीत. त्या डोळे वटारतात, "अहो, मला खोकला नाही!"

"खोकल्याचं कोण विचारतंय? तिथं कॅन्सर करणाऱ्या विषाणूला हुसकावायची शरीराची ताकद धुरानं कमी होते. बोला."

मी बसचा ड्रायव्हर, तीस वर्षांचा सिगारेटवाला. दरवर्षी छातीचा एक्स-रे काढून तिच्यापुढे नाचवायचो. "बघ वहिनी, लख्ख!" ती म्हणायची, "नाच, नाच."

एका सकाळी लघवी लाल झाली. दुखलं-खुपलं काहीच नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप स्वच्छ. उन्हाळी लागली असेल म्हणून मी विषय सोडून दिला. आठवड्यानं बोलता बोलता तिला सांगून बसलो आणि तिनं तिथल्या तिथे बाटली हातात दिली. दुपारी तिचा फोन आला, "पू नाही, जंतू नाहीत. नुसत्या रक्तपेशी. आत्ता ये."

"अगं, थांबलं ना रक्त!"

"थांबतं, म्हणूनच माणसं घरी बसतात. येतोस, की डेपोत येऊन कान धरू?"

ती धरायलाही कमी करणार नाही, म्हणून गेलो. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं तर मूत्राशयात छोटी गाठ. "कॅन्सरच दिसतोय," ते म्हणाले. "धुरातलं विष फुप्फुसातून रक्तात जातं, मूत्रपिंड ते गाळून लघवीत टाकतं, आणि लघवी इथं तासन् तास साठते." माझी तंतरली. लख्ख छातीचा काय उपयोग!

दुर्बिणीतूनच गाठ काढली. ती कॅन्सरचीच निघाली, पण मुळं खोल गेली नव्हती. सिगारेट चालू ठेवली तर गाठ परत उगवायचा धोका जास्त, हे ऐकलं त्याच दिवशी मी पाकीट फेकलं. पहिले पंधरा दिवस घरात सगळ्यांवर खेकसत होतो, वहिनीवर सगळ्यात जास्त.

तीन महिन्यांनी परत दुर्बीण झाली. मूत्राशय साफ! वहिनीनं पुढच्या तपासणीची चिठ्ठी पुढे सरकवली, पेनही दिलं. "तंबाखूच्या रकान्यात तूच लिही."

मी लिहिलं, 'सोडली.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "पूर्वी मी हा रकाना फक्त बेडक्याच्या तपासणीच्या चिठ्ठीवर भरायचे. बाकी सगळीकडे नुसती रेघ. तुझ्या दादाला कावीळ झाली, तेव्हा त्याच्याही चिठ्ठीवर मी रेघच मारली. घरात रोज माझ्यासमोर ओढायचा रे तो. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तरी सिगारेटचं नाव माझ्या डोक्यात आलं नाही."

दादाला जाऊन अकरा वर्षं झाली. हे तिनं कधीच सांगितलं नव्हतं. मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं डोळे पुसले आणि खिडकीबाहेर हाक मारली, "पुढचे कोण? सिगारेट? तंबाखू?"