काट्याची वायर आणि हरिचंद्रदादांची डिस्क

हरिचंद्रदादांना "हे टाकून द्या" असं म्हटलेलं चालत नाही. कुळगावचा माणूस, मोरिवलीला आमच्या ड्रमच्या कारखान्यात गोडाऊनला लागला. पावत्या जपता जपता कॉम्प्युटर शिकला आणि आता पंधरा वर्षं सर्व्हर सांभाळतोय. चहाच्या टपरीवरची चिठ्ठीसुद्धा फाइलला लावेल. एकदा ऑडिटरने दोन वर्षांपूर्वीची नोंद मागितली, ती सॉफ्टवेअरने आपोआप पुसलेली निघाली. दादांनी त्या दिवशी जुन्या लॉग फायली पुसणंच बंद करून टाकलं. लॉग म्हणजे सॉफ्टवेअरची रोजनिशी. काय केलं, काय अडलं, सगळं त्यात लिहिलेलं. तीन वर्षांची रोजनिशी साठली आणि डिस्कवर जेमतेम दोन जीबी जागा उरली. हे आम्हाला कळलं दसऱ्याच्या सकाळी, तीही भरून गेल्यावर.

कारखान्याला सुट्टी होती, पण डिस्पॅचला कसली सुट्टी? एक कंटेनर अकराला गेटबाहेर पडायचा होता. मी नूतन, गेटपास मी काढते. साडेनऊला कॉम्प्युटर लावला तर लॉगिनच होईना. काल संध्याकाळपर्यंत मस्त चालू होतं. मी दादांना फोनवर जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही.

दादा दहाला पोचले, त्याआधीच विक्रांत साहेब येऊन उभे. साहेब कारखान्याचे नवीन मॅनेजर, वय माझ्याहून कमी, पण बोलणं मालकाच्या वरचं. बाहेरच्या एका कंपनीला सर्व्हर सांभाळायला द्यायचा विचार त्यांच्या डोक्यात होताच. म्हणाले, "हरिचंद्र, अकराला गाडी निघाली नाही तर उद्यापासून सर्व्हर त्यांच्याकडे आणि तुम्ही गोडाऊनला."

दादांचं तोंड एवढंसं झालं.

वॉचमन कैलास म्हणाला, काल सर्व्हरला हार घातला, झेंडू आत गेला असणार. साहेबांनी तेवढ्यात स्वतःच बटण दाबून सर्व्हर बंद-चालू केला. मग तर डेटाबेसही उठेना. "झालं?" मी म्हटलं. साहेब माझ्याकडे बघायचं टाळत बाजूला सरकले.

दादांनी खुर्ची ओढली, दोन-चार अक्षरं मारली. डिस्क शंभर टक्के भरलेली. "लिहायला जागाच नाही, तर डेटाबेस चालेल कसा?" असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी कालची लॉग फाइल उघडली. संध्याकाळी पाच बेचाळीसपासून एकच तक्रार: काट्याशी संपर्क नाही, काट्याशी संपर्क नाही. सॉफ्टवेअर सेकंदाला दहा वेळा वजनकाट्याला वजन विचारत होतं, आणि उत्तर नाही मिळालं की प्रत्येक वेळी पानभर रडगाणं लिहीत होतं. रात्रभर.

दादांनी खाली वाकून बघितलं. काट्याची वायर लोंबत होती.

वायर मीच काढली होती. खंडेनवमीच्या पूजेचा फोटो काढताना साहेब म्हणाले होते, "ती काळी वायर मध्ये येतेय, काढा." काढली, आणि परत लावायचं राहिलं.

दादांनी आधी वायर लावली. कालची फाइल पुसली, जुन्याही पुसायला घेतल्या. सांगते, प्रत्येक फाइलला हात थांबत होता. "दादा, ऑडिटर गेला खड्ड्यात, दाबा," मी म्हटलं. जागा मोकळी झाली, डेटाबेस उठला, लॉगिन झालं. दहा चाळीसला मी गेटपास काढला आणि गाडी गेली.

पण साहेबांना लेखी रिपोर्ट हवा होता, सर्व्हर कोणाकडे ठेवायचा ते त्यावरून ठरवणार म्हणाले. दादांनी लिहिला, मला प्रिंट काढायला दिला. त्यात एवढंच: "जुन्या फायली पुसणं मी बंद ठेवलं होतं. चूक माझी." वायरचा उल्लेखच नाही. मला स्वतःचीच लाज वाटली. सकाळपासून या माणसाला मी किती बोलले होते.

रिपोर्ट घेऊन मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, यात एक ओळ राहिलीय. वायर मी काढली. तुम्ही सांगितलंत म्हणून."

साहेबांनी फोन काढून पूजेचा फोटो बघितला. फोटो छानच आला होता, वायर कुठेच नव्हती. फोन खाली ठेवत विचारलं, "हरिचंद्रना माहीत होतं?"

"वायर कोणासाठी निघाली ते? दादा फोटोत तुमच्या शेजारीच उभे आहेत."

साहेबांनी रिपोर्ट परत माझ्या हातात दिला. "सर्व्हर हरिचंद्रकडेच राहू दे. आणि जुन्या फायली दर पंधरा दिवसांनी पुसायला सांगा."

बाहेर येऊन सांगितलं तर दादा माझ्यावरच उखडले. "तुला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला? चूक माझी होतीच ना." मग चष्मा काढून पुसत बसले. पुसता पुसता माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत गोडाऊनला गेलो असतो, तर घरी पोरीला काय सांगितलं असतं गं? शाळेत सांगते ती, माझे बाबा सर्व्हर चालवतात म्हणून."