सहीची जागा

चेनवाल्यांना गल्लीत त्याच नावाने ओळखत. शिंप्यांना झिप, बटणे, बकले पुरवणारा हा माणूस शब्दाला पक्का मानला जाई. परदेशातून माल मागवू लागल्यावर पेढी मात्र त्यांनी बायकोच्या नावावर काढली. तिचे काम एकच: नवरा बोट ठेवील तिथे सही करायची. चष्मा शोधण्याचीही तसदी तिला कधी घ्यावी लागली नाही.

म्हणून कस्टम्सची कारणे दाखवा नोटीसही तिच्याच नावाने निघाली. दुकानात ती चेनवाल्यांनी घेतली आणि पितळी चेनांच्या खोक्याखाली सरकवली. कस्टम्सची प्रकरणे पाहणाऱ्या सल्लागार बाईंच्या टेबलावर ती पोहोचली तेव्हा तीन आठवडे उलटले होते.

बाईंनी पाने वाचून एका कागदावर चार रकाने आखले.

“आरोप: बिलात किंमत कमी दाखवली, उरलेली रक्कम निराळ्या वाटेने पाठवली. खरं आहे?”

“बाजारात सगळेच…”

“नोटीस बाजाराला आलेली नाही, काका.”

बाईंनी पेन पुढच्या रकान्यावर नेले.

“मागणी: चुकवलेलं शुल्क, ही इथली रक्कम. त्यावर भरेपर्यंतचं व्याज. दंड अजून लागलेला नाही, का लावू नये एवढंच विचारलंय. आरोप म्हणजे निकाल नव्हे. तिसरा रकाना, आधाराची कागदपत्रं: आयातीची घोषणापत्रं, तुमच्या फोनमध्ये अधिकाऱ्यांना सापडलेलं पुरवठादाराचं खऱ्या किमतीचं दुसरं बिल आणि तुम्ही त्यांना दिलेला जबाब.”

“जबाबात मी म्हटलंय, तिला यातलं काही ठाऊक नाही.”

“ते उत्तरात मांडू. पण चौथा रकाना, मुदत: नोटीस हाती पडल्यापासून तीस दिवस, खोक्याखालून काढल्यापासून नव्हे. मुदतवाढ मागता येईल. मिळेलच असं नाही. आणि अर्जावर, उत्तरावर सही मालकाची हवी.”

“सही मी आणतो. वाचायला कशाला लावायचं तिला?”

“वाचल्याशिवाय केलेली सही मी दाखल करणार नाही.”

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. चेनवाल्यांनी कागद पुढे ठेवले आणि सवयीने मुदतवाढीच्या अर्जाच्या तळाशी बोट टेकवले.

तिने पेन घेतले. वरच्या ओळीत स्वतःचे नाव दिसले, तशी ती थांबली.

“हे माझ्यावर आहे?”

“तुझ्या नावावर. केलं मी.”

“मग इतके दिवस शेजारी बसून जेवलात कसे हो?”

चेनवाले मान खाली घालून उभेच राहिले. खुर्ची ओढून बसण्याचाही आपल्याला हक्क आहे, असे त्यांना वाटेना.

तिने त्यांचे बोट कागदावरून बाजूला केले. उठून चष्मा शोधला, तो सापडायला वेळ लागला. मग चार रकान्यांचा कागद जवळ ओढून ती पहिल्यापासून वाचू लागली.

“हे उरलेले पैसे,” मान वर न करता ती म्हणाली, “कुठल्या वाटेने पाठवले ते आधी सांगा. सहीचं नंतर बघू.”

चेनवाले सांगू लागले.