भोंगा मास्तर शांत झाले

मास्तर गाडी शिकवायचे आणि ओरडायचे. ही दोन वेगळी कामं आहेत हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या बाजूला जास्तीचा क्लच होता, जास्तीचा ब्रेक होता, पण या दोन्हींच्या आधी त्यांचा आवाज लागायचा. "क्लच! क्लच म्हणतोय मी! तो वायपर आहे, बाई!" हे चार गल्ल्या पलीकडे ऐकू जायचं आणि तिथले लोक घड्याळ न बघता म्हणायचे, सकाळची बॅच सुरू झाली. शिकाऊ मंडळींनी त्यांचं नाव भोंगा ठेवलं होतं. गाडीचा खरा हॉर्न मात्र वर्षानुवर्षं कुणी दाबला नव्हता, त्यामुळे तो अगदी नवा राहिला होता.

या ओरड्याला एकच माणूस शरण गेला नव्हता, ती म्हणजे त्यांची बायको. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मास्तरांनी मोठ्या हौसेने तिला स्टिअरिंगवर बसवलं आणि पहिल्याच चौकात इतकं झापलं की तिने गाडी तिथेच बंद केली, दार उघडलं आणि ती चालत घरी गेली. मागे गाड्यांची रांग लागली, लोकांनी मास्तरांचा उद्धार केला. त्यानंतर मुलं झाली, मोठी झाली, आपापल्या गावी गेली, पण बाईंनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. गावभर लोकांना गाडी शिकवणाऱ्या माणसाची बायको रिक्षाने फिरते, ही गोष्ट मास्तरांच्या घशात अडकून बसली होती. ते बोलून दाखवत नसत. बाकी सगळं बोलून दाखवत.

मग मास्तरांचं हृदय बिघडलं. छातीत काहीतरी फडफडायचं, जिना चढला की दम लागायचा, नाडी मनाला येईल तशी पळायची. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि सांगितलं की ठोक्यांची लय सुटली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी दिली, लयीसाठी एक औषध देऊन पाहिलं, दुसरं देऊन पाहिलं. फडफड काही ऐकेना. तेव्हा त्यांनी अमिओडॅरोन काढलं.

"हे औषध जबरदस्त आहे," त्या म्हणाल्या. "जिथे बाकीची हात टेकतात तिथे हे चालतं. पण ते अंगात मुरून बसतं. थायरॉइड, फुप्फुसं, यकृत, डोळे, सगळीकडे त्याच्यावर नजर ठेवावी लागते. आत्ता सगळं तपासून सुरू करू. मग दर सहा महिन्यांनी रक्त, वर्षाला छातीचा एक्स-रे आणि पट्टी. आणि उन्हात अंग झाकून फिरायचं, कातडी भाजते याने."

"कळलं!" मास्तर ओरडले. बाहेर बसलेले दोन पेशंट दचकून उभे राहिले.

औषधाने खरंच जादू केली. फडफड थांबली, जिना सोपा झाला. आणि इथेच मास्तरांचं डोकं फिरलं. हृदय कुरकुर करत नाही, मग डॉक्टरकडे जाऊन कुरकुर शोधायची कशाला? जुन्याच चिठ्ठीवर दुकानातून गोळ्या येत राहिल्या. तपासणी राहिली ती राहिलीच.

आणि हळूहळू एक चमत्कार घडला. भोंगा शांत झाला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका मुलीने चढावर गाडी सात वेळा बंद पाडली आणि मास्तर फक्त म्हणाले, "होतं असं." मुलगी घाबरून रडली. एका काकांनी उलट्या दिशेने गोल चक्कर मारली, मास्तर म्हणाले, "इकडूनही जाता येतं म्हणायचं." बातमी पसरली. ड्रायव्हिंग स्कूल मेव्हण्याचं होतं. त्याने लगेच नवी पाटी रंगवून घेतली: 'शांत व संयमी मास्तर'. बॅच भरायला लागल्या.

मास्तरांना स्वतःलाही हे बरं वाटत होतं. राग यायच्या आधीच त्यांना झोप यायची. भर उन्हाळ्यात ते स्वेटर घालून बसायचे, चेहरा गोल आणि भरलेला दिसायचा, बोलणं जाडं आणि सावकाश झालं होतं. रात्री रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसायला लागली, तेव्हा त्यांनी ते मेव्हण्याच्या कानावर घातलं.

"भाऊजी, तुम्ही फार पुढे गेलात," मेव्हणा हात जोडून म्हणाला. "आता कुणाला सांगू नका. लोक पाया पडायला लागतील, आणि बॅचला उशीर होईल."

बाईंना मात्र वलयांशी काही देणंघेणं नव्हतं. त्या काही आठवडे नवऱ्याकडे संशयाने बघत राहिल्या. मुद्दाम भाजीत मीठ घालायचं विसरल्या. मास्तर मुकाट्याने जेवले. तेव्हा एका सकाळी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत त्या म्हणाल्या, "अहो, मी शिकू का गाडी?"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी! त्या दिवसापासून बाई रोज संध्याकाळी मैदानात गाडी फिरवायला लागल्या. फक्त पहिल्या गिअरमध्ये आणि फक्त सरळ. चुकलं तरी मास्तर काही बोलायचे नाहीत, त्यामुळे काय चुकलं ते बाईंना कळायचं नाही. पण दोघं एका गाडीत बसत होती, आणि मास्तरांना आयुष्यात आणखी काही नको होतं.

अशात मेव्हण्याने एक नवी शिकाऊ पाठवली. पाटी वाचून आली होती, गाडीची भयंकर भीती वाटते म्हणाली होती. मास्तरांनी गाडीचं दार उघडलं तर समोर डॉक्टरीणबाई.

दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. पळालेला पेशंट सापडला होता, आणि भित्री डॉक्टर पकडली गेली होती.

"मास्तर, तुम्ही तपासणीला..."

"आधी सीट पुढे घ्या," मास्तर सावकाश म्हणाले.

गाडी निघाली. डॉक्टरीणबाई रस्ता कमी आणि मास्तरांचा स्वेटर जास्त बघत होत्या. गल्लीच्या टोकाला गाद्यांचं दुकान होतं, फुटपाथवर गाद्यांची चळत रचलेली. वळायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. मास्तरांना सगळं दिसत होतं. ब्रेक दाबावा हा विचार त्यांच्या डोक्यातून निघालासुद्धा, पण पायापर्यंत पोचायच्या आधी वाटेत कुठेतरी बसला. गाडी गाद्यांत शिरली आणि फसकन थांबली. एक उशी टपावर येऊन पडली.

"छान," मास्तर म्हणाले. "आता न्यूट्रल करा."

डॉक्टरीणबाईंनी गाडी बंद केली. आवाज एकदम दवाखान्यातला झाला होता. "तुम्ही ओरडला नाहीत."

"नाही."

"मी तुमची गाडी गाद्यांत घातली आणि तुम्ही ओरडला नाहीत! उतरा खाली."

त्यांनी मास्तरांना तिथल्याच एका जाड गादीवर गुडघे टेकून बसवलं, पावलं काठाबाहेर लोंबती ठेवून. डिकीतला स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीने टाचेवरच्या शिरेवर टकटक केलं. पाऊल खाली गेलं आणि परत यायला इतका वेळ लावला की दुकानदारही वाकून बघायला लागला.

"गादी चांगली आहे बाई," तो म्हणाला, "ठोकून बघायची गरज नाही."

"थायरॉइड झोपलंय यांचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सहा महिन्यांनी रक्त तपासा म्हटलं होतं ना? मास्तर, गाडी चांगली चालते म्हणून जे लोक सर्व्हिसिंग करत नाहीत, त्यांना तुम्ही काय म्हणता?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "गाढव."

दुसऱ्या दिवशी बायकोच त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. रक्त झालं, एक्स-रे झाला, पट्टी झाली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे फेरी झाली. छाती साफ होती. यकृत ठीक होतं. वलयं म्हणजे बुबुळाच्या काचेवर औषधाचे बारीक कण जमले होते. हे बहुतेकांना होतं, नजरेला सहसा धक्का लागत नाही. मेव्हण्याला हे कळल्यावर फार वाईट वाटलं. थायरॉइड मात्र पार मंदावलं होतं.

"त्या गोळीत भरपूर आयोडीन असतं," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "त्याने थायरॉइड कुणाचं मंदावतं, कुणाचं उलट भरधाव सुटतं. मग वजन उतरतं, हात कापतात, पुन्हा धडधड होते. तुमचं मंदावलंय. थायरॉइडची गोळी सुरू करू, अगदी थोडीपासून, हृदय सांभाळून. हळूहळू पूर्वीसारखे व्हाल. तोवर गाडीत शिकवायला बसायचं नाही."

"पूर्वीसारखा म्हणजे ओरडणार?" मास्तरांनी विचारलं.

"बहुधा."

"मग ती लय राखायची गोळीच बंद करतो."

"खबरदार! तुमचं हृदय तिच्यावर चाललंय. आणि आज बंद केली तरी ती कित्येक महिने अंगातून जात नाही. मनाने काही बंद करायचं नाही. कोरडा खोकला आला, दम लागला, डोळे काविळीसारखे पिवळे झाले, दिसायला कमी झालं, तर त्याच दिवशी मला फोन."

मास्तर खुर्चीत आक्रसले. मग हळूच म्हणाले, "थायरॉइडची गोळी दोन महिन्यांनी सुरू केली तर? हिचं शिकून होऊ दे. मी ओरडायला लागलो की ही उतरून जाईल. ही उतरून जाते हो."

बाई कडाडल्या.

"माझ्या गाडीसाठी तुम्ही आजारी राहणार? एवढा शहाणपणा सुचतो बरा! मुकाट्याने ती गोळी घ्या, रोज सकाळी उपाशीपोटी, मी उभी राहून घ्यायला लावणार!"

बाहेर बसलेले दोन पेशंट दचकून उभे राहिले.

"बरं," मास्तर म्हणाले.

हळूहळू स्वेटर उतरला, चेहरा आटोपशीर झाला, टीव्हीसमोरची पेंग गेली. एका सकाळी मास्तर पेपरवाल्यावर खेकसले आणि स्वयंपाकघरात बाई स्वतःशीच हसल्या. पुढच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी त्यांना शिकवायची परवानगी दिली आणि स्वतः मात्र दुसऱ्या बॅचमध्ये नाव घातलं.

पहिल्याच संध्याकाळी बाई स्टिअरिंगवर बसल्या. मास्तरांनी दात आवळले होते, हात मांडीखाली दाबून धरले होते. मैदान संपलं, रस्ता आला, तोच जुना चौक आला. बाई दुसरा गिअर टाकायला गेल्या आणि चौथा टाकला. गाडी गचके खात मधोमध बंद पडली.

मास्तरांनी खूप प्रयत्न केला. खरंच केला.

"क्लच! क्लच म्हणतोय मी!"

चार गल्ल्या पलीकडे लोकांनी माना वर केल्या. दुकानदार धावत बाहेर आला आणि गाद्या आत ओढायला लागला. मागे हॉर्न वाजायला लागले. बाईंचा हात दाराच्या कडीकडे गेला. मास्तरांनी डोळे मिटले.

दार उघडल्याचा आवाज आला नाही. बाईंनी फक्त काच वर केली.

"आणखी जोरात ओरडा," त्या चावी फिरवत म्हणाल्या. "तुमचा आवाज गेला होता तेव्हा मला झोप लागत नव्हती. पण आधी सांगा, दुसरा गिअर कुठे आहे?"