ओरत्तनाडुची ओळ

वर्षाला कुणी रागावलं की ती हसायची. लहानपणी रंगरावमामानेच चिडवलं होतं, "ही पोर मार खातानासुद्धा थँक्यू म्हणेल." नोकरीत ही सवय तिच्या फार उपयोगी पडली.

डोळे तपासणीची केंद्रं चालवणाऱ्या एका संस्थेच्या तंजावूर ऑफिसात ती डॅशबोर्ड, म्हणजे केंद्रांच्या आकड्यांचे तक्ते, बनवत असे. केंद्राची परीक्षा एकाच मापाने व्हायची: जितक्यांना चष्मा सांगितला, त्यांपैकी कितीजणांना तो मिळाला. जवळच्या ओरत्तनाडु गावचं केंद्र रंगरावमामा चालवायचा. त्या महिन्यात तिथलं डोळे तपासायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. कुणाला चष्मा सांगितलाच गेला नाही. शून्य भागिले शून्य. ओळीत टक्क्यांऐवजी 'एनएएन' उमटलं, म्हणजे हा आकडाच नव्हे.

"हे काय भूत, मा?" व्यवस्थापक गुरुमूर्ती तमिळमध्ये म्हणाले; ऑफिसातल्या मुलींना ते लाडाने 'मा' म्हणत. सगळे हसले. वर्षाही हसली.

तिने साधा भागाकार काढून डिव्हाइड हे फंक्शन वापरलं. छेद शून्य असला की ते रिकामं उत्तर देतं. मात्र टक्क्यांखेरीज त्या तक्त्यात दुसरं माप नव्हतं, म्हणून ओरत्तनाडुची ओळच गायब झाली.

"केंद्र पळून गेलं की काय?" गुरुमूर्तींनी विचारलं.

"सर, तपासलेल्यांची संख्या शेजारी दाखवते. ओळ राहील, टक्के रिकामे राहतील. बाजूला 'तपासणी बंद' असं लिहिते."

"मॅनेजमेंट निबंध वाचत नाही. शून्य टाक."

"शून्य म्हणजे सांगूनही कुणाला दिला नाही, असं होईल. लाल दिसेल."

"तुला कायम करायचं पत्र माझ्याच टेबलावर आहे ना, मा?" ते गोड आवाजात म्हणाले.

वर्षा हसली. फंक्शनमध्ये तिसऱ्या जागी, रिकाम्याच्या बदल्यात, तिने शून्य लिहिलं. ओळ परतली, सर्वांत खाली, लालभडक.

सर्वांत खालच्या केंद्राच्या प्रमुखाला काढायचं, असा नियम होता. तिला तो ठाऊक होता. बैठकीत ती हजर होती. वरच्या साहेबांनी लाल ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "काही सांगायचंय कुणाला?" गुरुमूर्तींनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

मामाला कामावरून काढल्याचं पत्र गेलं आणि त्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता, हेच वाईट.

"वर्षे, मी कुणाचा चष्मा दडवून ठेवला म्हणतात गं? यंत्रच नव्हतं. ते तुमच्या तिथे कुठे दिसत नाही?"

"दाखवता येतं, मामा."

"मग?"



पुढल्या आठवड्यात ती कायम झाली. त्याच दुपारी तिने तिसऱ्या जागचं शून्य काढलं, संख्येचा रकाना जोडला, शेजारी 'तपासणी बंद' लिहिलं. ओरत्तनाडुच्या ओळीचा लाल रंग गेला. गुरुमूर्ती मागे येऊन उभे राहिले.

"आता छान दिसतं, मा," ते म्हणाले. "आधीच का नाही केलंस?"

वर्षाने हसायचा प्रयत्न केला. ते तिला जमलं.