दहापट पाणी

कारखान्यात त्यांना सगळे मायक्रोमीटर म्हणत. पस्तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस; केसाएवढा फरकही त्यांना खपायचा नाही. निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यातच त्यांनी घरातले कुरकुरणारे दरवाजे, अडकणाऱ्या खिडक्या आणि खुर्चीचा लंगडा पाय दुरुस्त करून टाकला. मग दुरुस्त करायला घरात काही उरलं नाही.

बायको रुग्णालयात परिचारिका होती. घरीदारी सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिच्या नोकरीचं अजून एक वर्ष बाकी होतं. दिवसभर वॉर्डात पायांचे तुकडे पडेपर्यंत उभं राहायचं आणि घरी आल्या आल्या गॅस पेटवायचा, हा तिचा शिरस्ता. एका संध्याकाळी ते म्हणाले की उद्यापासून भात माझ्याकडे. सिस्टर हसली नाही की नको म्हणाली नाही. तिने फक्त तांदळाचा डबा कुठे आहे ते दाखवलं.

सुरुवात जिरा राईसने झाली, कारण त्यात चुकण्यासारखं काही नाही असं त्यांना वाटलं. पहिल्या दिवशी तूप इतकं तापलं की जिरं पडल्या पडल्या काळं झालं. दुसऱ्या दिवशी जिरं जमलं, पण भिजवलेले तांदूळ न निथळता तसेच तुपात घातले. सगळीकडे शिंतोडे उडाले आणि तांदूळ परतले जाण्याऐवजी नुसते वाफवले गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी उत्साहाने इतका वेळ उलथनं फिरवलं की दाण्यांचा चुरा झाला. सिस्टर तिन्ही दिवस मुकाट्याने जेवली. चौथ्या दिवशी मात्र एवढंच म्हणाली, "अहो, ते तांदूळ आहेत. लोखंड असल्यासारखे घासू नका."

मग त्यांनी एक वही केली. तांदूळ पाणी स्वच्छ येईस्तोवर धुवायचे, वीस मिनिटं भिजवायचे, चाळणीत दहा मिनिटं निथळायचे. कोमट तुपात तमालपत्र, दालचिनी, लवंगा, वेलदोडे. त्यांचा वास सुटला की जिरं. ते तडतडून तांबूस झालं की तांदूळ. उलथनं कडेने घालून खालचे दाणे हलकेच वर आणायचे. आधी ओल्या दाण्यांची चरचर ऐकू येते, मग ती थांबते, दाणे एकमेकांपासून सुटतात आणि काचेसारखे दिसणारे तांदूळ खडूसारखे पांढरे होतात. तेव्हा उकळतं पाणी. दोन वाट्या तांदळाला साडेतीन वाट्या. त्यात मीठ घालून पाणी चाखायचं, ते किंचित खारट लागलं पाहिजे. एक उकळी, मग झाकण आणि मंद आच. पंधरा मिनिटांनी गॅस बंद, आणि पुढची दहा मिनिटं झाकणाला हातही लावायचा नाही.

दोन महिन्यांत भात असा मोकळा व्हायला लागला की सिस्टर डब्यात वॉर्डासाठी जास्तीचा नेऊ लागली. भाज्या घालून पुलाव सुरू झाला, तेव्हा मटार-गाजरांचं पाणी सुटतं म्हणून पाव वाटी पाणी कमी करायचं, हेही वहीत चढलं. मायक्रोमीटर कॉलर ताठ करून फिरू लागले.

अशात सिस्टरच्या निवृत्तीचा दिवस ठरला. वॉर्डातल्या माणसांनी निरोपाचं जेवण योजलं, चाळीस पानांचं. पुलाव सिस्टरच्या घरचाच हवा, असा त्यांचा आग्रह. मायक्रोमीटरनी होकार देऊन टाकला, वही उघडली आणि हिशेब मांडला. चौघांना दोन वाट्या, म्हणजे चाळिसांना वीस. सगळ्याला दहाने गुणलं की झालं.

पण पस्तीस वर्षांची सवय. चाचणी घेतल्याशिवाय माल बाहेर कसा जाईल? वरच्या मजल्यावर एक शिंपीकाका राहत, त्यांच्याकडचं मोठं पातेलं आणून मायक्रोमीटरनी आधी निम्मा घाणा करून पाहिला. दहा वाट्या तांदूळ, त्याच हिशेबाने पाणी. झाकण काढलं तर वर भात, मध्ये लगदा आणि तळाशी खीर. मायक्रोमीटरच्या तोंडचं पाणी पळालं. पातेल्यातलं मात्र जागच्या जागी होतं.

शिंपीकाकांनी तो भात दोन दिवस आवडीने खाल्ला. कवळीला बरा पडतो म्हणाले. मायक्रोमीटरना त्यात काडीचाही दिलासा वाटला नाही. त्यांनी वही तीन वेळा तपासली. तांदूळ तेच, वाटी तीच, गुणाकार बरोबर. सांगून मोकळं व्हावं की पुलाव बाहेरून मागवा, इथपर्यंत मन आलं. शेवटी त्यांनी सिस्टरला विचारलं.

ती मोज्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली. "चाळीस जणांचं मी कधी केलं नाही. पण तुम्ही ओतता ते सगळं पाणी तांदूळच पितात का?"

दुसऱ्या दिवशी सिस्टर कामावर गेल्यावर त्यांनी रोजच्या पातेल्यात साडेतीन वाट्या पाणी घेतलं, तांदळाशिवाय. एक उकळी, झाकण, मंद आच, पंधरा मिनिटं. मग मोजलं. एक वाटी वाफ होऊन गेली होती. म्हणजे दोन वाट्या तांदूळ अडीच वाट्याच पीत होते. नंतर मोठ्या पातेल्यात पस्तीस वाट्या पाणी तसंच ठेवलं. पातेलं मोठं म्हणून दहा वाट्या उडतील? उडाल्या जेमतेम अडीच. चूक गुणाकारात नव्हतीच. दाण्यांची तहान दहापट झाली होती, वाफ नव्हती.

पंचवीस वाट्या दाण्यांच्या, अडीच वाफेच्या. मटार, गाजर, फरसबी घरच्या सहापट, म्हणून दीड वाटी कमी. सव्वीस. त्यांनी आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

निरोपाच्या दिवशी सकाळी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात त्यांना एक चूल मोकळी करून दिली होती. तिथल्या मुख्य आचारीण बाई हात बांधून बघत उभ्या राहिल्या. मायक्रोमीटरनी तांदूळ दोन भागांत परतले, एकदम टाकले तर तळाचे जळतील आणि वरचे ओलेच राहतील म्हणून. मग त्यांनी सव्वीस वाट्या उकळतं पाणी मोजून ओतलं.

आचारीण बाई म्हणाल्या, "एवढंच? कोरडा राहील हो."

पाणी तांदळाच्या वर जेमतेम बोटभर होतं. त्यांचा हात किटलीकडे गेलाही. पण त्यांनी तो मागे घेतला, झाकण ठेवलं, जाड तवा पातेल्याखाली सरकवला आणि घड्याळाकडे बघत बसले.

पंचवीस मिनिटांनी झाकण निघालं. वरचे दाणे उभे होते. बाईंनी काठाशी उलथनं घालून अगदी तळाचा भात वर आणला. तोही सुटा. शितावरून भाताची परीक्षा करतात, बाईंनी तळाचं एक शीत आणि वरचं एक शीत बोटांत दाबून पाहिलं, दोन्ही खाल्ली आणि वही बघायला मागितली.

जेवणं हसतखेळत झाली. सिस्टरने भाषण केलं नाही, तिला बोलायला उभं केलं तर म्हणाली, "इतकी वर्षं मी रोज घरी जाऊन गॅस पेटवला. या वर्षी दार उघडलं की जिऱ्याचा वास यायचा. मला तेवढं पुरे आहे." मायक्रोमीटर पातेलं खरवडायच्या निमित्ताने आत निघून गेले. खरवडायला तळाशी काही लागलेलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सिस्टर पहिल्यांदाच सकाळभर घरी होती. मायक्रोमीटरनी जरा अवघडून विचारलं की स्वयंपाकघर आता परत हवं का. तिने वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि चाळणीकडे बोट दाखवलं. तांदूळ निथळून दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती.