माझ्या सर्वेक्षणात नसलेलं घर

एम.एड.च्या माझ्या मार्गदर्शकांचा मला अजून राग येतो. ते जाऊनही बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे, मी बोलणार.

दुष्काळाचं साल होतं. मी पारनेर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिकवत होते आणि नगरला एम.एड. करत होते. संस्थेनं स्पष्ट सांगितलं होतं, यंदा पदवी हातात पडली तर मुख्याध्यापिकेची जागा तुमची, नाहीतर आम्ही बाहेरून माणूस आणू. तो बाहेरचा माणूस म्हणजे संस्थेच्या सेक्रेटरींचा मेहुणा, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळं मला ती पदवी हवी म्हणजे हवीच होती.

प्रबंधाचा विषय होता, मुली सातवीनंतर शाळा का सोडतात. घरोघर हिंडायला मला वेळ कुठला? गावाबाहेर दुष्काळी कामाचं खडी केंद्र होतं, तिथं बायका एका जागी सापडायच्या. शाळा सुटली की मी प्रश्नावली घेऊन उन्हात जाऊन बसायची. मी प्रश्न वाचायची, त्या हातोडी न थांबवता उत्तर द्यायच्या आणि मी खूण करायची. मुकादम कान टवकारून शेजारीच उभा. त्याला लांब जा म्हणायची सोय नव्हती, राग निघायचा तो बायकांच्या हजेरीवर.

"आवं बाई, खायाला न्हाई आन् साळंचं काय इचारता?" असं एकीनं म्हटलं की पुढच्या दहाजणी तेच म्हणायच्या. अशा चाळीस बायका झाल्या. टक्केवारी काढली, तक्ते केले. जवळजवळ सगळ्यांचं कारण एकच, गरिबी.

मार्गदर्शक सर खूष झाले. निष्कर्ष त्यांनी स्वतःच सांगून लिहून घेतला, की जिल्ह्यातल्या मुली शाळा सोडतात त्याचं मुख्य कारण दारिद्र्य. मग गेल्या वर्षीचा कुणाचा तरी बांधलेला प्रबंध माझ्यापुढं टाकला.

"मर्यादांचा परिच्छेद यातून उतरवा."

आमच्या विभागाची ती रीतच होती. 'वेळ, पैसा व साधने यांच्या अभावी प्रस्तुत संशोधन मर्यादित ठेवले आहे,' हे वाक्य प्रत्येक प्रबंधात असायचं. माळीवाड्यातला टायपिस्ट तर कागदाकडं न बघता ते बडवायचा. मला म्हणाला, "बाई, मर्यादा लिहून आणू नका, मी टाकतो."

माझं डोकंच फिरलं. खडी फोडणाऱ्या बायकांना विचारलं, त्या गरिबी म्हणाल्या, आणि आपण जिल्ह्याचं कारण गरिबी म्हणून मोकळे! माझ्याच गावात विहीर-बागाईत असलेल्या घरांतल्या मुली सातवी होताच गायब होत होत्या. त्यांच्या आया खडी केंद्रावर कशाला येतील? मी रात्रभर विचार वगैरे केला नाही, टायपिस्टच्या बाकावर बसूनच लिहून दिलं:

'नमुना लहान असून सोयीने निवडलेला आहे, यादृच्छिक नाही. उत्तरे देणाऱ्या सर्व स्त्रिया एकाच दुष्काळी कामावरील असल्याने दारिद्र्य हे कारण प्रत्यक्षापेक्षा अधिक ठळक दिसण्याचा संभव आहे. प्रश्न मुकादमाच्या उपस्थितीत व शिक्षिकेने विचारले, याचाही उत्तरांवर परिणाम झाला असावा. सधन घरांतील मुली शाळा का सोडतात, हे या नमुन्यावरून सांगता येत नाही. सबब निष्कर्ष जिल्ह्यास लागू करू नयेत.'

निष्कर्षातला 'जिल्ह्यातील' शब्दही काढायला लावला. मग सहीसाठी सरांच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी प्रबंध जमा करायचा होता, आणि मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर सही नसेल तर कचेरीत तो कुणी हातातही घेतला नसता.

सरांनी ते पान वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला.

"ही मर्यादा नाही बाई, हा कबुलीजबाब आहे. परीक्षक विचारेल, मग संशोधन केलंत कशाला?"

"या चाळीसजणींबद्दल ते खरंच आहे, सर. जिल्ह्याबद्दल नाही, एवढंच म्हणते मी."

"नमुना लहान आहे असं लिहा आणि मिटवा."

"लहान आहे हे दुखणं वेगळं. चारशे बायकांना त्याच खडी केंद्रावर विचारलं असतं, तरी उत्तर हेच आलं असतं."

"मला शिकवताय?"

"शिकवायला लागतंय, त्याला मी काय करू?"

तोंडातून निघून गेलं. निघालं ते बरंच झालं. त्यांनी लाल पेन्सिल उचलली. मुकादमाचं वाक्य ठेवलं, सोयीचा नमुनाही ठेवला. पण 'सधन घरांतील मुली' या वाक्यावर अशी रेघ ओढली, की कागद फाटला.

"हे काढा. त्याशिवाय सही नाही. चांगल्या घरातल्या मुली शाळा सोडत नसतात."

तेवढ्यात त्यांची मुलगी चहा घेऊन आली. परकर-पोलक्यातली, पंधरा-सोळा वर्षांची. मास्तरणीची सवय, मी विचारलं, "कितवीला गं?"

तिनं वडलांकडं पाहिलं. "नववी झाली. आता घरीच असते."

"आत जा," सर म्हणाले.

मला तोवर खरंच काही माहीत नव्हतं. आता चटकन उजेड पडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस कॉलेजात मुलींच्या शिक्षणावर तास घेत होता!

आतल्या दारात त्यांची बायको उभी होती. "दिवाळीत काढली शाळेतनं," ती म्हणाली. "ओव्हरसियरचं स्थळ आलंय. त्यांना फार शिकलेली नकोय. यांचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो हो बाई. पैशापायी नाही काढली तिला."

"तू मध्ये बोलू नकोस!"

"एवढं लिहाल का तुमच्या पुस्तकात?" नवऱ्याकडं न बघता तिनं मला विचारलं.

लिहावंसं फार वाटलं. सरांच्या नाकावर टिच्चून लिहावंसं वाटलं. पण खोटं कसं बोलू?

"नाही लिहिता येत वहिनी. तुमचं घर माझ्या सर्वेक्षणात नाही. ते नाही, एवढंच लिहिता येतं. आणि तेच वाक्य सर काढायला सांगताहेत." मी फाटलेलं पान सरांपुढं सरकवलं. "आता वहिनींसमोर सांगा सर, काढू का?"

ते लालबुंद झाले. बाहेरच्या परीक्षकाला तुमच्याविरुद्ध लिहीन म्हणाले, तुमची नोकरी बघतो म्हणाले. मी जागची हलले नाही. बायकोही हलली नाही. शेवटी त्यांनी प्रमाणपत्र ओढलं, सही खरडली आणि ते माझ्या अंगावर फेकलं.

"घ्या! पुन्हा या घराची पायरी चढू नका."

"चढायची हौसही नाही," मी म्हणाले आणि कागद गोळा केले.

पान पुन्हा टाईप करून प्रबंध जमा झाला, वाक्यासकट. परीक्षकांनी त्यावर एक प्रश्नही विचारला नाही. पदवी मिळाली, मेहुण्यासाठी धरलेली जागा मी घेतली, सेक्रेटरी महिनाभर तोंड पाडून हिंडले. या सगळ्याचा आनंद झाला, नाही कशाला म्हणू?

पण त्या दिवशी मी चपला घालत होते तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या होत्या. मागं मुलगी उभी होती, चहाचा रिकामा ट्रे हातात धरून.

"खडीवरच्या बायकांना तुम्ही तरी विचारलंत," वहिनी म्हणाल्या. "आमच्यात कोण येणार विचारायला?"